आजीच्या फोनला थोडं थांबायला लावू या

ताई, माझी आजी ७८ वर्षांची आहे. ती ठाण्यात नौपाड्यात एकटी राहते, मी नेरूळला. तिच्याकडे सॅमसंगचा साधा फोन आहे, दोन वर्षं वापरतेय. पण हल्ली व्हॉट्सॲपवरचं वाचता येत नाही म्हणते, एक दाबलं की भलतंच उघडतं, आणि दर आठवड्याला एखादा आयकॉन गायब झालेला असतो. फोनवरून समजावताना माझा आवाज चढतो आणि मग दोघींनाही वाईट वाटतं. वयामुळे तिच्या आता लक्षात राहत नसावं. म्हणून अक्षरं मोठी कशी करायची, वॉलपेपर कसा बदलायचा, आयकॉन दाबायला सोपे कसे करायचे हे सगळं पायरीपायरीने लिहून तिच्या भिंतीवर लावायचं ठरवलंय. चिठ्ठी कशी लिहू? की सरळ बटणांचा फोन घेऊन देऊ?
— एक नात, नेरूळ

प्रिय नाती,

आधी गायब होणाऱ्या आयकॉनांकडे बघू, कारण मला वाटतं गोष्ट तिथेच अडली आहे आणि तिचा आजीच्या स्मरणशक्तीशी संबंध नसावा. पुढच्या वेळी ठाण्याला गेलीस की तिच्या शेजारी बस आणि ती फोन वापरत असताना स्क्रीनकडे न बघता तिच्या बोटाकडे बघ. बहुधा ती दाराची बेल दाबावी तसा आयकॉन दाबत असेल: नीट, जोर देऊन, काम झाल्याची खात्री होईपर्यंत. मिक्सर, गॅसचा लायटर, लिफ्टचं बटण, या सगळ्यांनी तिला आयुष्यभर हेच शिकवलं आहे.

फोनला मात्र जोर कळत नाही, त्याला वेळ कळते. बोट टेकवून लगेच उचललं तर त्याचा अर्थ ‘उघड’. तेच बोट साधारण अर्धा सेकंद टेकून राहिलं तर अर्थ बदलतो. मग फोन ॲप उघडत नाही, त्या आयकॉनचं काय करायचं असं विचारणारी छोटी यादी दाखवतो. त्या यादीत Remove असतं, Uninstall असतं. आजीला व्हॉट्सॲप उघडायचं होतं, समोर काहीतरी वेगळंच आलं, ते घालवण्यासाठी तिने दिसेल तिथे बोट लावलं, आणि आयकॉन गेला. बोट टेकवलेलं असतानाच थोडं सरकलं तर आयकॉन उचलला जाऊन दुसऱ्या पानावर किंवा दुसऱ्या आयकॉनवर जाऊन बसतो.

माझ्या सासूबाईंचं अगदी हेच व्हायचं. दोन महिने मी त्यांना ‘हळू दाबा’ म्हणत होते, आणि त्या बिचाऱ्या खरोखरच हळू, म्हणजे सावकाश, म्हणजे आणखी जास्त वेळ दाबत होत्या. चूक माझ्या शब्दात होती. ज्या दिवशी मी ‘हळू’च्या ऐवजी ‘कपाळाला टिकली लावतो तसं’ म्हटलं, त्या दिवशी फरक पडला. तरी सवय जन्माची, ती दुपारच्या झोपेनंतर परत यायची. तेव्हा फोनच बदलावा लागला, म्हणजे त्याची थांबण्याची वेळ.

तू पहिलं काम हेच कर. Settings मध्ये Accessibility, त्यात Interaction and dexterity, त्यात Touch and hold delay. तिथे Long निवड, म्हणजे दीड सेकंद. आता आजीने तिच्या नेहमीच्या पद्धतीने दाबलं तरी फोन ते साधं दाबणंच समजेल. तिच्याकडून दहा वेळा व्हॉट्सॲप उघडून घे. दहाच्या दहा वेळा सरळ उघडलं तर आयकॉन का जात होते ते तुला कळलंच. याला एक किंमत आहे. निरोप पुढे पाठवण्यासाठी किंवा पुसण्यासाठी जेव्हा खरंच दाबून धरायचं असेल, तेव्हा तिला मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणावं लागेल. तेवढं सांगून ठेव.

आता चिठ्ठीबद्दल. हे सगळं तिने स्वतः करायला हवं असं तू गृहीत धरलं आहेस. का? अक्षरांचा आकार एकदा बसला की तो महिनोन्‌महिने बदलायचा नसतो. जे काम वर्षातून एकदा करायचं, त्याच्या अकरा पायऱ्या भिंतीवर लावल्या तर भिंत भरते आणि आजीला रोज वाटत राहतं की आपल्याला हे यायला हवं होतं. मी दोन याद्या करीन. एक तुझ्यासाठी, एका दुपारी बसून संपवायची. दुसरी तिच्यासाठी, तू नसताना जे अडेल तेवढ्यापुरती.

तुझ्या यादीत अक्षरांपासून सुरुवात कर. ‘सगळ्यात मोठं’ करून मोकळी होऊ नकोस. आधी तिला तुझ्या फोनवरून हे सहा शब्द पाठव: घडा, धडा, बारा, वारा, भार, मार. मराठीत घ आणि ध, ब आणि व, भ आणि म यांच्यात एवढासाच फरक असतो, आणि नजर कमी झाली की माणूस अंदाजाने वाचतं. अंदाज बरोबर निघाला की आपल्याला वाटतं दिसतंय. या सहा शब्दांत अंदाज चालत नाही. तिने तिचा नेहमीचा चष्मा लावून, तिच्या नेहमीच्या खुर्चीत, संध्याकाळी तिच्याच दिव्याखाली वाचायचं. फोन डोळ्यांजवळ नेला किंवा डोकं मागे टाकून चष्म्याच्या खालच्या भागातून बघू लागली, तर एक पायरी वाढव आणि पुन्हा वाच म्हण.

वाढवायच्या जागा तीन आहेत आणि त्या वेगवेगळं काम करतात, गोंधळ बहुतेक इथेच होतो. पहिली व्हॉट्सॲपच्या आत: वरचे तीन ठिपके, Settings, Chats, Font size, आणि Large. याने मुख्यतः निरोपांची अक्षरं वाढतात. दुसरी फोनची: Settings, Display, Font size and style. याने सगळीकडची अक्षरं वाढतात, मेनू, नावं, एसएमएस सगळं. पण या दोन्हींनी बटणं वाढत नाहीत. आजी म्हणते ‘भलतंच उघडतं’, त्याचा इलाज तिसऱ्या जागी आहे: Settings, Display, Screen zoom. याने बटणं, चिन्हं, त्यांच्यामधली जागा असं ॲपमधलं सगळंच फुगतं. व्हॉट्सॲपमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह आणि निरोप पाठवायचं चिन्ह दाबताना तिचं बोट चुकत असेल, तर अक्षरं कितीही मोठी केलीस तरी ते चुकतच राहील. म्हणून क्रम असा ठेव: आधी Screen zoom शेवटापर्यंत नेऊन बघ, मग सहा शब्दांची परीक्षा, आणि तरीही कमी पडलं तर अक्षरं एकेक पायरी वाढव.

थांबायचं कुठे? व्हॉट्सॲपमध्ये एका ओळीत तीन-चार शब्द तरी मावले पाहिजेत. त्याहून कमी झाले की ओळ सारखी तुटते, वाक्याचा धागा सुटतो, आणि मोठ्या अक्षरातलं वाचणंही दमवतं. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. अक्षरं फार मोठी झाली की काही ॲपमधलं खालचं बटण स्क्रीनच्या बाहेर ढकललं जातं किंवा त्याच्यावरचा शब्द अर्धा कापला जातो. म्हणून उठण्याआधी आजी जी चार-पाच ॲप वापरते ती सगळी तिच्यासमोर उघडून बघ, विशेषतः बँकेचं आणि विजेच्या बिलाचं. ‘पुढे’ किंवा ‘रद्द’ दिसत नसेल तर अक्षरं एक पायरी कमी कर, झूम तसाच राहू दे.

आणि एक गोष्ट कुठल्याच सेटिंगने होणार नाही, ती तुम्हा घरच्यांच्या हातात आहे. आजीला येणारे निम्मेअधिक निरोप ही चित्रं असतात: सुप्रभात, लग्नपत्रिका, सोसायटीची पाणी बंद असल्याची सूचना, कुणीतरी कागदाचा काढलेला फोटो. चित्रातली अक्षरं फोनसाठी अक्षरं नसतातच, त्यामुळे Font size ने ती तसूभरही वाढत नाहीत. ‘मी सगळं मोठं करून दिलं तरी तिला वाचता येत नाही’ अशी तक्रार मी अनेक घरांतून ऐकते आणि दर वेळी आत हेच निघतं. तिला चित्र एकदा दाबून मोठं करायला आणि मग दोन बोटांनी फाकवायला शिकव. अंगठा आणि तर्जनी आधी जवळ, मग लांब, चिमटीतून रांगोळी सोडताना बोटं उघडतात तशी. आणि तुमच्या घरच्या ग्रुपवर सांग की आजीसाठी महत्त्वाचं काही असेल तर ते चित्रात पाठवू नका, टाइप करा नाहीतर बोलून पाठवा.

वॉलपेपरला तू शेवटी ठेवलं असतंस, पण नजर कमी झालेल्या माणसासाठी ते सजावटीचं काम नाही. होम स्क्रीनवर माझ्या ओळखीच्या बहुतेक आज्यांच्या फोनमध्ये नातवंडांचा घोळक्यातला फोटो असतो. त्यावर आयकॉन, आयकॉनखाली बारीक पांढरी नावं, आणि मागे कुणाची तरी पैठणी. आयकॉन शोधायला लागण्याचं हे एक कारण. तो फोटो काढून टाकायचा नाही, फक्त जागा बदलायची. Settings मध्ये Wallpaper and style उघड, लॉक स्क्रीनवर तुमचा फोटो ठेव आणि होम स्क्रीनवर एकच गडद रंग, निळा किंवा हिरवा, नक्षीशिवाय. फोन हातात घेतला की आधी नातवंडं दिसतील आणि आत गेलं की आयकॉन सुटे दिसतील. एकरंगी चित्र फोनमध्ये सापडलं नाही तर गडद रंगाच्या कागदाचा भरपूर उजेडात फोटो काढ आणि तोच लाव.

व्हॉट्सॲपच्या आतला वॉलपेपर मात्र वेगळ्या कामाला लाव. तिथे निरोप स्वतःच्या रंगीत चौकटीत असतात, त्यामुळे मागच्या रंगाने वाचण्यात फार फरक पडत नाही. पण प्रत्येक चॅटला वेगळा रंग देता येतो. तुझ्या चॅटला फिकट हिरवा, तुझ्या आईच्या चॅटला फिकट गुलाबी, सोसायटीच्या ग्रुपला ठसठशीत पिवळा. आता नावाची ओळ न वाचताही आपण कुठे आहोत ते तिला कळेल. घरचं काही बोलताना ते चुकून सोसायटीच्या ग्रुपवर गेलं की म्हातारं माणूस महिनाभर कुढतं, आणि मग लिहिणंच बंद करतं. चॅट उघडून तीन ठिपके दाबलेस की Chat theme दिसेल, जुन्या आवृत्तीत तिथे Wallpaper लिहिलेलं असतं. हा रंग फक्त तिच्याच फोनवर दिसतो, समोरच्याला नाही.

आयकॉन दाबायला सोपे करण्यासाठी सॅमसंगमध्ये Easy mode नावाची सोय आहे. एका बटणात मोठे आयकॉन, मोठी अक्षरं आणि दाबून धरण्याचा जास्त वेळ असं सगळं मिळतं. नवा फोन असता तर मी तेच सांगितलं असतं. पण तुझी आजी दोन वर्षं हाच फोन वापरते आहे, आणि ती आयकॉन बघून कमी, जागेवरून जास्त ओळखत असणार, जसं अंधारातही तिला फडताळातला चहाचा डबा सापडतो. Easy mode ने होम स्क्रीनची मांडणी बदलते आणि हा डबा हलतो. म्हणून मी मांडणी तशीच ठेवून फक्त गर्दी कमी करीन. होम स्क्रीनवर मोकळ्या जागी दाबून धर, Settings मध्ये जा, Home screen grid मध्ये सगळ्यात कमी रकाने असलेला पर्याय घे. ती न वापरत असलेले आयकॉन काढ. सात-आठच राहू देत, आणि रोजचे चार खाली, अंगठ्याच्या टप्प्यात.

मग व्हॉट्सॲपमध्ये तुझं चॅट उघडून तीन ठिपके, More, Add shortcut. तुझा चेहरा होम स्क्रीनवर आयकॉन होऊन बसेल आणि तो दाबला की थेट तुझंच चॅट उघडेल. हे दोन-तीन माणसांसाठीच कर.

हे सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, होम स्क्रीनच्या त्याच Settings मध्ये Lock Home screen layout चालू कर. आता आयकॉन हलणार नाही आणि होम स्क्रीनवरून निघणारही नाही. आधी चालू केलंस तर तुलाच काही बसवता येणार नाही.

एवढं करूनही दहातला एखादा स्पर्श लागतच नसेल, तर बोट बघ. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी होते आणि काच स्पर्श ओळखते तो कातडीतून जाणाऱ्या सूक्ष्म विजेमुळे. त्यात वर जाड काचेचं कव्हर असलं तर अजूनच अवघड. Display मध्ये Touch sensitivity दिसलं तर ते चालू कर, कव्हर जुनं किंवा तडकलेलं असेल तर बदल, आणि आजीला फोन घेण्याआधी हाताला थोडं खोबरेल लावून पुसून घ्यायला सांग. नखाने दाबायची सवय असेल तर तीही बघ, नख काचेला कळत नाही. आणि अक्षरं मोठी करूनही ती धुरकट दिसत असतील, दिव्यांभोवती वलयं दिसत असतील, तर फोन बाजूला ठेवून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. मोतीबिंदूवर सेटिंग चालत नाही.

बटणांच्या फोनचं म्हणशील तर आता नको. आजी व्हॉट्सॲप वाचता येत नाही म्हणून तक्रार करते, याचा अर्थ तिला वाचायचं आहे.

आता तिची चिठ्ठी. कोऱ्या कागदावर, जाड काळ्या स्केचपेनने, एका पानावर मावेल एवढीच. प्रत्येक ओळीत आधी काय दिसतं ते, मग काय करायचं ते, कारण अडलेल्या माणसाला आपण कुठे अडलोय हे आधी ओळखायचं असतं. शब्द तिच्या स्क्रीनवर जसे आहेत तसेच लिही. फोन मराठीत असेल तर मराठी, इंग्रजीत असेल तर इंग्रजी, आणि शेजारी चिन्हाचं चित्र काढ. मी असं लिहीन:

आजी,
आयकॉन दाबताना टिकली लावतेस तसं. टेकव आणि उचल.
भलतंच काही उघडलं, तर काही दाबू नकोस. खालचं मधलं बटण दाब, घरी येशील.
व्हॉट्सॲपमध्ये वरची पट्टी बदलली आणि त्यावर कचऱ्याचा डबा दिसला, तर वर डावीकडचा बाण दाब. काही पुसलं जात नाही.
निरोप अर्धाच दिसला आणि खाली Read more असलं, तर त्या शब्दांवर बोट टेकव.
चित्रातली अक्षरं बारीक असली, तर चित्रावर एकदा टेकव, मग दोन बोटं फाकव.
हिरवं चॅट माझं. गुलाबी आईचं. पिवळं दिसलं तर तो सोसायटीचा ग्रुप, तिथे जपून.
आयकॉन दिसला नाही, तर स्क्रीनच्या मध्यावरून बोट वर सरकव. सगळे तिथे आहेत.
अक्षरं अचानक बारीक झाली, तर माझा चेहरा दाब आणि बोलून सांग. मी रविवारी येऊन करते.

‘खालचं मधलं बटण’ तिच्या फोनवर दिसतं ना ते तपासून घे. काही फोनवर खालची तीन बटणं लपवलेली असतात आणि बोट खालून वर सरकवावं लागतं. Settings, Display, Navigation bar मध्ये Buttons निवडलंस की ती कायम दिसतील. तिच्यासाठी तीच बरी. आणि चिठ्ठीवर कुठलाही पिन लिहू नकोस, ती भिंतीवर आहे, घरात कामाला येणारी-जाणारी माणसं असतात.

चिठ्ठी लावण्याआधी तिच्याकडूनच वाचून घे, तू गप्प बसून. ज्या ओळीपाशी ती थांबेल, ती ओळ तिला विचारून तिच्या शब्दांत बदल. माझ्या सासूबाईंनी ‘स्क्रीन’ खोडून ‘काच’ लिहायला लावलं होतं. आणि कागदाच्या मागे तुझ्यासाठी लिहून ठेव: तारीख, Font size कितव्या खुणेवर, Screen zoom कितव्या खुणेवर, Touch and hold delay किती. फोनचं अपडेट आलं की मेनूची नावं आणि जागा बदलू शकतात, तेव्हा नेरूळहून फोनवर बोलताना तुझ्याकडेही त्याच पानाचा फोटो असू दे.